पोर झोपलं म्हणजे औषध लागू पडलं?

माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या आणि आता गावोगावी मेडिकलच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. गोड बोलायचा माझा विचार नाही.

आई दुकानात येते. म्हणते, "दादा, पोराचं नाक गळतंय, अंगावर पित्त उठलंय, रात्रभर खाजवतंय. घरात कुणालाच झोप नाही. काहीतरी द्या." तुम्ही वय विचारता का? वजन विचारता का? आधी कुठलं औषध चालू आहे, हे तरी विचारता का? नाही. हात मागं जातो, फळीवरची बाटली काउंटरवर येते आणि पाठोपाठ तुमचं ठरलेलं वाक्य येतं, "एक चमचा सकाळी, एक चमचा रात्री. शांत झोपेल."

त्या 'शांत झोपेल'साठीच आज तुम्हाला धारेवर धरायचं आहे.

परवा एक आई माझ्याकडे पिशवी घेऊन आली. मुलगी तीन वर्षांची, वजन 13 किलो. सर्दी झाली, दोन दिवसांनी अंगावर गांधी उठल्या. आजीनं आमसुलाचं पाणी लावलं, त्यानं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पुढं. पहिल्या दुकानातून सर्दीचं पातळ औषध आलं, दर 5 मि.लि.मध्ये क्लोरफेनिरामिन 1 मि.ग्रॅ. आणि जोडीला फिनाइलएफ्रिन. दिवसातून तीनदा. गांधी कमी होईनात म्हणून दुसऱ्या दुकानातून सेटिरिझिनची बाटली आली, 5 मि.लि. सकाळी, 5 मि.लि. रात्री. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं सांगितलं म्हणून तिसऱ्या दुकानातून 'खाजेचं झोपेचं औषध' आलं, म्हणजे हायड्रॉक्सिझिन, रात्री 5 मि.लि., त्यात 10 मि.ग्रॅ. मुलगी सकाळी अकरापर्यंत उठेना, उठली तर तोल सावरता येईना, दूध पिताना पुन्हा डोळे मिटायचे. आई मला म्हणाली, "सर, औषध लागू पडलंय वाटतं, आता खाजवत नाही." खाजवत नव्हती, कारण खाजवायची शुद्धच नव्हती. या तीन दुकानांपैकी एका काउंटरमागे माझाच विद्यार्थी उभा होता.

आता हिशेब करा. तोंडी नको, कागदावर करा.

आपल्याकडं सेटिरिझिनचं पातळ औषध बहुधा 5 मि.लि.मध्ये 5 मि.ग्रॅ. असं येतं. म्हणजे त्या मुलीच्या पोटात दिवसाला 10 मि.ग्रॅ. सेटिरिझिन जात होतं. हा बारा वर्षांच्या पुढच्या मुलाचा आणि मोठ्या माणसाचा दिवसाचा डोस आहे. तीन वर्षांच्या मुलीला 2.5 मि.ग्रॅ.पासून सुरुवात करायची आणि दिवसभरात 5 मि.ग्रॅ.च्या वर जायचं नाही. म्हणजे एकट्या सेटिरिझिनचाच डोस कमाल मर्यादेच्या दुप्पट झाला होता.

आता हायड्रॉक्सिझिन. ते शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं? यकृतात त्याचं रूपांतर सेटिरिझिनमध्ये होतं. सेटिरिझिनचा शोधच असा लागला आहे. म्हणजे दोन वेगळ्या बाटल्या देऊन तुम्ही त्या मुलीला एकच औषध दोन दारांनी दिलं, आणि हायड्रॉक्सिझिनच्या दारातून मेंदूला गुंगी आणणारं मूळ औषधही आत सोडलं. वर क्लोरफेनिरामिन, तेही त्याच कामाचं आणि गुंगीत सेटिरिझिनहून पुढचं. लेबलवर तीन नावं होती. पण मेंदूतल्या हिस्टामिनच्या खुंट्या त्याच असतात, आणि त्या अडवायला तुम्ही तीन-तीन औषधं पाठवलीत. तीन वेगळी औषधं दिल्याचं समाधान मात्र तुम्ही घेतलंत.

सर्दीच्या त्या बाटलीबद्दल तर बोलायलाच नको. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असं लेबलवर ठळक छापा, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला आहे. मुलगी तीन वर्षांची. तुम्ही वयच विचारलं नाही, मग लेबल वाचून उपयोग काय?

आता डोस सांगतो. लक्ष देऊन ऐका. चमच्यात नाही, मि.ग्रॅ.मध्ये ऐका.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी काउंटरवरून काहीही द्यायचं नाही. एवढ्या लहान बाळाचं नाक चोंदलं असेल तर ते दूध ओढताना त्रासतं. त्याला सलाइनचे थेंब आणि डॉक्टर लागतात, अँटिहिस्टामिन लागत नाही. सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत सेटिरिझिन 2.5 मि.ग्रॅ. दिवसातून एकदा, वर्ष पूर्ण झालेल्या बाळाला गरज पडली तर तेवढंच दोनदा. पण या वयात ते देणं न देणं डॉक्टरनं ठरवायचं, तुम्ही नाही. दोन ते पाच वर्षांत 2.5 मि.ग्रॅ. एकदा, कमी पडलं तर 2.5 दोनदा, आणि दिवसाची कमाल 5. सहा ते अकरा वर्षांत 5 ते 10 मि.ग्रॅ. दिवसभरात. बारापासून 10. पाच वर्षं अकरा महिन्यांचा मुलगा 'जवळजवळ सहाचाच' नसतो. तो दोन-ते-पाचच्या गटातलाच असतो.

काही देशांत लहान मुलांना एकदम डोस न देता तो दोन वेळा विभागून देतात. त्याला कारण आहे. मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मं सेटिरिझिन बाहेर पडायला आठ-दहा तास लागतात. दोन ते सहा वर्षांच्या मुलात पाचएक तास आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळात तीनएक तासच लागतात. म्हणजे सकाळी दिलेलं औषध रात्री ओसरलेलं असतं, आणि आई म्हणते 'फरक नाही'. फरक नसला तर डोस दोनदा विभागता येतो का हे पाहायचं, डॉक्टरना विचारायचं. तुम्ही काय करता? शेजारची दुसरी बाटली काढून देता. आणि मुलाच्या मूत्रपिंडाचा काही आजार असेल तर हा सगळा हिशेब बदलतो, कारण सेटिरिझिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. तेव्हा असं मूल समोर आलं की हात आखडता घ्या आणि डॉक्टरकडं पाठवा.

लेव्होसेटिरिझिनचं काय? सेटिरिझिनमधला जो अर्धा भाग खरं काम करतो, तोच हा. म्हणून त्याचा डोस अर्धा. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत 1.25 मि.ग्रॅ. संध्याकाळी एकदा, सहा ते अकरा वर्षांत 2.5. युरोपात दोन ते सहा वर्षांच्या मुलांना 1.25 दोनदा देतात. आपल्याकडच्या बाटलीत बहुधा 5 मि.लि.ला 2.5 मि.ग्रॅ. असतं, म्हणून 1.25 मि.ग्रॅ. म्हणजे 2.5 मि.लि. आता ही बाटली माँटेलुकास्टबरोबर येते, तेव्हा काय होतं ते पाहा. 5 मि.लि.मध्ये माँटेलुकास्ट 4 आणि लेव्होसेटिरिझिन 2.5. चार वर्षांच्या मुलाला रात्री पूर्ण 5 मि.लि. दिलं, म्हणजे माँटेलुकास्ट वयाप्रमाणे बसलं, पण लेव्होसेटिरिझिन एका दमात सहा वर्षांच्या मुलाचं झालं. मिश्रणात एकाचा डोस कमी केला की दुसऱ्याचाही कमी होतो, ही या बाटलीची अडचण आहे. शिवाय माँटेलुकास्टनं काही मुलांना भयानक स्वप्नं पडतात, चिडचिड होते, वागणं बदलतं. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकानं 2020 मध्ये त्याला सर्वांत कडक इशारा जोडला आणि साध्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी इतर औषधं चालली नाहीत तरच ते वापरा असं सांगितलं. ही बाटली तुम्ही 'सर्दीचं चांगलं औषध' म्हणून चिठ्ठीशिवाय देता. लाज वाटायला हवी.

फेक्सोफेनाडिन गुंगीच्या बाबतीत सर्वांत सौम्य. दोन ते अकरा वर्षांत 30 मि.ग्रॅ. दोनदा; दोन वर्षांच्या आत, तेही डॉक्टरनं सांगितलं तरच, 15 मि.ग्रॅ. दोनदा. एक गोष्ट मात्र आईला सांगायला कधीच विसरू नका. हे औषध संत्र्याच्या, मोसंबीच्या किंवा सफरचंदाच्या रसात घालून द्यायचं नाही. रसानं ते आतड्यातून बरंच कमी शोषलं जातं, आणि मग 'औषध लागू पडत नाही' म्हणून पुन्हा तुमच्याच दुकानात चक्कर. पाण्याबरोबर द्यायचं, बस.

आता ज्या मुद्द्यासाठी आवाज चढवला, त्यावर येतो. झोप.

क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन ही जुनी औषधं चरबीत सहज विरघळतात आणि मेंदूत आरामात शिरतात. नवी औषधं मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या पंपाकडून बाहेर ढकलली जातात, म्हणून फारशी आत राहत नाहीत. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात मेंदूची चित्रं घेऊन हे मोजलं गेलं आहे. जुन्या औषधानं मेंदूतल्या हिस्टामिनच्या जागांपैकी निम्म्याच्या आसपास अडवल्या, फेक्सोफेनाडिननं जवळजवळ एकही नाही. सेटिरिझिन मधे कुठंतरी बसतं. आणि त्याचा त्रास डोसबरोबर वाढतो. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांत खोट्या औषधावर 1.3 टक्के मुलांना पेंग आली, 5 मि.ग्रॅ.वर 1.9 टक्क्यांना, 10 मि.ग्रॅ.वर 4.2 टक्क्यांना. म्हणजे डोस दुप्पट केलात, पेंग दुपटीहून जास्त झाली.

पण तुमच्यातल्या शहाण्यांनी याहून पुढचा आकडा लक्षात ठेवावा. वर्षाच्या पुढच्या बाळांना सेटिरिझिन 18 महिने देऊन पाहिलं, तेव्हा त्यातल्या 9 टक्के बाळांना नीट झोपच लागेना. खोट्या औषधावरच्या बाळांत हे प्रमाण 5.3 टक्के होतं. ज्या औषधाला तुम्ही 'शांत झोपेल' म्हणून विकता, तेच औषध काही बाळांची झोप उडवतं. जुन्या औषधांत तर हा उलटा परिणाम आणखी ठळक. मूल झोपायच्या ऐवजी किंचाळतं, हात झटकतं, हवेत काहीतरी पकडू पाहतं. आई घाबरून आणखी अर्धा चमचा पाजते. हा अर्धा चमचा दवाखान्यात नेऊन पोचवतो.

आणि त्या गुंगीत मूल 'झोपतं' असं समजू नका. नेदरलँड्समध्ये 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅलर्जीची सर्दी असलेल्या शाळकरी मुलांना वेगवेगळी औषधं देऊन एक पाठ शिकवला. ज्या मुलांना औषधच नव्हतं, त्यांना अ‍ॅलर्जीमुळं कमी शिकता आलं. डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचं त्याहूनही कमी झालं. नवं औषध, लोराटाडिन, घेतलेल्यांना त्या मानानं बरं शिकता आलं. लोराटाडिन दोन ते पाच वर्षांत 5 मि.ग्रॅ. आणि त्यापुढं 10, दिवसातून एकदा. नाक गळणं थांबवायला दिलेलं औषध मुलाचा वर्ग बुडवत असेल, तर ते देण्यात तुमचं कौतुक काय?

प्रोमेथाझिनविषयी एक वाक्य पुरे. दोन वर्षांखालच्या मुलाला ते द्यायचंच नाही. अमेरिकेत 2004 पासून त्याला कडक इशारा जोडला आहे, कारण त्यानं श्वास मंदावून बाळं दगावली आहेत. तरीही परदेशी जाणारं कुटुंब येतं, "विमानात पोर रडू नये म्हणून काहीतरी द्या" म्हणतं, आणि तुम्ही फळीकडं वळता. नाही. विमानात रडणारं बाळ रडू द्या. श्वास न घेणारं बाळ तीस हजार फुटांवर कुणी वाचवायचं?

चमच्याबद्दल तर मी घसा फोडून सांगितलं होतं. स्वयंपाकघरातला चमचा म्हणजे माप नव्हे. कुठल्या घरात तो तीन मि.लि.चा, कुठल्या घरात सातचा. अडीच मि.लि. मोजायचं तर खुणा असलेली तोंडाची सिरिंज द्या, सुई नसलेली, आणि आईसमोर एकदा भरून दाखवा. तिच्या हातून भरून घ्या. आणि थेंबांच्या बाटलीत दर मि.लि.ला पातळ औषधाच्या कितीतरी पट औषध असू शकतं. म्हणून 'आधी हेच दिलं होतं' असं आईनं सांगितलं तर ती बाटली बघितल्याशिवाय मान डोलवू नका.

या औषधांनी काय होत नाही, तेही पाठ करा. शिंका, नाकाची खाज, गळणारं पाणी, डोळे चोळणं यांना अँटिहिस्टामिन चांगलं. पण नाक चोंदलं असेल, मूल तोंड उघडं ठेवून घोरत असेल, तर त्याला ते फारसं लागू पडत नाही. तिथं डॉक्टरनं ठरवलेला नाकातला स्प्रे लागतो. आणि दोन वर्षांच्या आतलं नाक बहुतेक वेळा अ‍ॅलर्जीचं नसतं, साध्या विषाणूच्या सर्दीचं असतं. त्याला अँटिहिस्टामिनचा उपयोग नाही, गुंगी मात्र होते.

गांधींचंही तसंच. लहान मुलांत अचानक उठलेल्या गांधी बहुतेकदा सर्दीतापाच्या विषाणूनं येतात. एक गांध उठते, काही तासांत विरते, दुसरीकडं नवी येते. काही दिवसांत, फार तर एकदोन आठवड्यांत सगळं शांत होतं. औषध त्या दिवसांत खाज सुसह्य करतं, एवढंच. एकच गांध एका जागी 24 तासांहून जास्त राहिली, विरताना काळानिळा डाग सोडून गेली, सांधे सुजले, किंवा सगळा प्रकार सहा आठवड्यांपुढं गेला, तर बाटली बदलू नका, डॉक्टरला दाखवा. आणि गांधींबरोबर आवाज घोगरा झाला, श्वास लागला, शिट्टीसारखा आवाज आला, सारख्या उलट्या झाल्या, मूल लुळं पडलं, तर तुमच्या काउंटरवरचं एकही पातळ औषध त्याला वाचवत नाही. त्याला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिन लागतं, आणि तेही त्याच क्षणी. अशा वेळी सेटिरिझिन पाजून 'अर्धा तास बघा' म्हणणारा दुकानदार त्या मुलाचा अर्धा तास चोरतो.

त्या तीन वर्षांच्या मुलीचं काय केलं, तेही सांगतो. हलवून नीट जागी होत होती, श्वास बरोबर होता, पाणी पीत होती, तरी तिला तिच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तिन्ही बाटल्या थांबवल्या. दुसऱ्या संध्याकाळी ती पूर्ण हुशार झाल्यावर एकच सेटिरिझिन सुरू झालं, 2.5 मि.लि., संध्याकाळी एकदा. गांधी पुढच्या काही दिवसांत आपोआप गेल्या. जेवढं औषध तिला खरंच हवं होतं, तेवढं पहिल्याच दिवशी, एकाच बाटलीतून, अडीच मि.लि.मध्ये देता आलं असतं.

असं मूल हलवूनही जागं होत नसेल, श्वास संथ किंवा घरघरता असेल, बाहुल्या मोठ्या झाल्या असतील, अंग तापून कोरडं पडलं असेल, आठ-दहा तासांत लघवी झाली नसेल, झटके आले असतील, तर उलटी काढायच्या फंदात कुणी पडू नये. सगळ्या बाटल्या बरोबर घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात. बाटल्या महत्त्वाच्या, कारण काय किती गेलं हे तिथल्या डॉक्टरना फक्त त्यांवरूनच कळतं.

उद्यापासून काउंटरवर उभं राहाल, तेव्हा मुलाचं वय आणि वजन विचारल्याशिवाय हात फळीकडं जाऊ देऊ नका. घरात आधीपासून कुठली बाटली उघडी आहे ती आणायला सांगा, आणि तिच्या लेबलवर 'रिझिन', 'क्सिझिन', 'टाडिन', 'फेनाडिन', 'रामिन', 'मेथाझिन' असलं काही दिसलं तर दुसरी बाटली देऊ नका. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर चिठ्ठी मागा. आणि 'शांत झोपेल' हे वाक्य तुमच्या तोंडून पुन्हा माझ्या कानावर आलं, तर मी स्वतः तुमच्या दुकानात येऊन ते गिऱ्हाइकांसमोर परत घ्यायला लावीन.